घड्याळावर सारखं ‘फोन डिस्कनेक्टेड’ येतंय? आधी ते कधी येतं ते बघा

स्मार्टवॉच घेतलं, पहिले आठ-पंधरा दिवस मस्त चाललं, आणि मग सुरू झालं. मनगटावर थरथर होते, बघावं तर फोनचं चिन्ह त्यावर काट मारलेलं, थोड्या वेळाने आपोआप जोडलं जातं किंवा जातच नाही, मग ॲप उघडा, ब्लूटूथ बंद-चालू करा, परत सगळं ठीक, परत दुसऱ्या दिवशी तेच. बहुतेक जण या टप्प्यावर घड्याळ रिसेट मारतात, परत पेअर करतात, दोन दिवस बरं चालतं आणि मग पहिले पाढे पंचावन्न. रिसेटने बरं वाटतं कारण पेअर करताना ॲप उघडं असतं, सगळ्या परवानग्या नव्याने मागितल्या जातात आणि फोन हातात असतो, म्हणजे तुटण्याची तिन्ही कारणं तेवढ्यापुरती गायब असतात. मूळ कारण तसंच राहतं.

म्हणून माझं सांगणं एकच आहे, सेटिंगमध्ये हात घालायच्या आधी एक दिवस नुसतं लक्ष ठेवा की मेसेज येतो तेव्हा फोन कुठे होता, आणि कनेक्शन परत कसं आलं. फोनजवळ गेल्यावर आपोआप आलं तर प्रश्न अंतराचा किंवा मधल्या अडथळ्याचा आहे. सकाळी उठल्यावर तुटलेलंच दिसलं आणि फोन शेजारीच होता तर रात्री फोन रिस्टार्ट झालाय का ते बघायचं. आणि फोन शेजारी, रिस्टार्ट पण नाही, तरी ॲप उघडल्याशिवाय जोडलंच जात नाही, तर फोनने ॲपला झोपवलंय किंवा परवानगी काढून घेतलीय. एकाच घड्याळात ही दोन-तीन कारणं एकत्र असतात आणि तिथेच लोक फसतात, कारण एक दुरुस्त केलं तरी मेसेज येतच राहतो आणि मग वाटतं की या उपायाचा काही उपयोग नाही.

आमच्या मामींचं उदाहरण सांगते कारण त्यात हे सगळं एकत्र होतं. कॉलिंगवालं साधं घड्याळ, अँड्रॉइड फोन, कोल्हापूरला टू बीएचके फ्लॅट. तक्रार अशी की ‘दिवसभर तुटतं गं, आणि सकाळी तर कधीच जोडलेलं नसतं’. दुकानदाराने घड्याळ बदलून दिलं, नव्याचं पण तेच. घड्याळ बदलून तेच होत असेल तर निदान एवढं कळतं की दोष बहुतेक फोनच्या बाजूला किंवा घराच्या रचनेत आहे.

आधी अंतराचं बघू. खोक्यावर दहा मीटर लिहिलेलं असतं, ते मोकळ्या मैदानात, मध्ये काही नसताना. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि या लहरी पाण्यात चांगल्याच शोषल्या जातात, आणि माणसाच्या अंगात बहुतांश पाणीच आहे. म्हणजे भिंत नसली तरी तुम्ही स्वतः मध्ये येता. घड्याळ डाव्या मनगटावर आणि फोन पँटच्या मागच्या उजव्या खिशात असेल तर सिग्नलला अख्खं अंग ओलांडावं लागतं किंवा आजूबाजूच्या भिंतींवर आपटून वळसा घालून यावं लागतं. घरात भिंती असतात म्हणून चालून जातं, मोकळ्या मैदानावर सकाळी चालायला गेल्यावर मात्र तुटतं, आणि लोकांना आश्चर्य वाटतं की फोन तर खिशातच आहे. तपासायचं सोपं आहे, फोन ज्या हातात घड्याळ आहे त्या बाजूच्या पुढच्या खिशात ठेवा आणि तीच फेरी मारा. तुटणं थांबलं तर कारण सापडलं, दुसरीकडे शोधायची गरज नाही.

घरात मुख्य अडथळा म्हणजे काँक्रीटचा कॉलम, लोखंडी कपाट, फ्रिज, आरसा आणि पाण्याची टाकी. मामींचा फोन बेडरूममध्ये कपाटाच्या मागच्या प्लगला चार्जिंगला असायचा. मी त्यांना म्हटलं नुसतं घरभर फिरा आणि कुठे थरथरतं ते सांगा. हॉलमध्ये ठीक, ओट्यापाशी ठीक, पण सिंकपाशी भांडी घासायला उभं राहिलं की थोड्या वेळात थरथर. सिंक आणि बेडरूमच्या मध्ये फ्रिज, कॉलम आणि बाथरूमची टाइल लावलेली भिंत, आणि ते लोखंडी कपाट. अंतर मोजलं तर सात-आठ मीटरपेक्षा जास्त नव्हतं. चार्जर हॉलमधल्या शोकेसपाशी हलवला आणि दिवसातलं तुटणं जवळजवळ थांबलं. एक रुपया खर्च नाही.

इथे आत काय चालतं ते थोडं समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं. घड्याळ आणि फोन सतत बोलत नाहीत, ठरावीक वेळाने एकमेकांना छोटीशी हाक देतात आणि मधल्या वेळात रेडिओ बंद ठेवतात, म्हणूनच घड्याळाची बॅटरी आठवडाभर पुरते. जोडताना दोघांमध्ये एक मुदत पण ठरते, की इतका वेळ समोरून काहीच आलं नाही तर दुवा तुटला असं धरायचं. ब्लूटूथच्या नियमात ही मुदत १०० मिलिसेकंदांपासून जास्तीत जास्त ३२ सेकंदांपर्यंत ठेवता येते, सहसा ती काही सेकंदांची असते. त्यामुळे दाराबाहेर चप्पल घालून लगेच परत आलात तर काही कळत नाही, पण कचरा टाकायला खाली गेलात तर तुटणारच, आणि ते तुटणं हा बिघाड नाही. तो थरथरणारा मेसेज कित्येक घड्याळांत मुद्दाम दिलेला असतो, फोन कुठे विसरू नये म्हणून, आणि नको असेल तर ॲपमध्ये बंद करता येतो. पण तपास चालू असेपर्यंत तो चालूच ठेवा कारण तोच आपल्याला वेळ आणि जागा सांगतोय.

परत जोडलं जाणं मात्र तुटण्याइतकं झटपट नसतं. दुवा तुटला की घड्याळ सुरुवातीला भराभर ‘मी इथे आहे’ अशी घोषणा करत राहतं, मग बॅटरी वाचवायला हळूहळू करतं, आणि फोनही स्क्रीन बंद असताना अधूनमधूनच ऐकतो. म्हणून पाच मिनिटांनी परत आलात तर लगेच जोडतं आणि दोन तासांनी आलात तर मिनिटभर लागू शकतं. फोनची स्क्रीन चालू केली, घड्याळाची पण चालू केली की सहसा लवकर होतं. मिनिट-दोन मिनिटं थांबायच्या आत ब्लूटूथ बंद-चालू करत बसू नका, त्याने जोडायचा चाललेला प्रयत्नच तुटतो आणि पहिल्यापासून सुरू होतो.

आणखी एक, ऑफिसात डेस्कवर बसल्या बसल्या तुटत असेल तर फोन कशाच्या शेजारी ठेवलाय ते बघा. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा हब, नीट शिल्डिंग नसलेली त्याची वायर, ही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ लहरींचा गोंगाट करते, इंटेलने २०१२ साली यावर आख्खा पेपर काढला होता. वायफाय राऊटर आणि मायक्रोवेव्ह पण त्याच पट्ट्यात येतात. फोन तिथून हातभर बाजूला ठेवून बघा, फरक पडला तर पडला.

आता सकाळचं. मामींचं दिवसातलं तुटणं थांबलं तरी सकाळी उठल्यावर घड्याळ तुटलेलंच, आणि फोन उशाशी. हे अंतराचं असूच शकत नाही. मी त्यांना विचारलं, सकाळी पहिल्यांदा फोन उघडताना बोट चालतं का पिन मागतो? म्हणाल्या, पिन मागतो, रोज नाही पण बऱ्याचदा. ही खूण महत्त्वाची आहे, कारण अँड्रॉइड फोन रिस्टार्ट झाला की पहिल्यांदा बोट घेत नाही, पिन किंवा पॅटर्नच लागतो. पण फक्त एवढ्यावर जाऊ नका, अँड्रॉइड तसाही दर तीन दिवसांत एकदा तरी पिन मागतो. पक्कं करायचं असेल तर सेटिंगमध्ये About phone मध्ये जा, तिथे किंवा आतल्या Status मध्ये Up time दिसतो, म्हणजे फोन चालू होऊन किती तास झाले. सकाळी सात वाजता तिथे तीन-चार तास दिसले तर फोन पहाटे रिस्टार्ट झालाय, विषय संपला. मामींच्या फोनमध्ये ठरावीक दिवशी रात्री आपोआप रिस्टार्ट होण्याचं सेटिंग चालू होतं. बऱ्याच फोनमध्ये हे असतं, फोन हलका राहावा म्हणून, आणि सिस्टीम अपडेटही रात्रीच होतात.

रिस्टार्टनंतर घड्याळ का जोडलं जात नाही याचं कारण अँड्रॉइड ७ पासूनचं आहे. फोन चालू झाला तरी पहिला पिन टाकेपर्यंत तुमचा डेटा कुलूपबंद असतो, आणि फार थोडी ॲप्स, म्हणजे अलार्म, फोन वगैरे, त्या अवस्थेत चालू शकतात. घड्याळाचं ॲप सहसा त्यांत नसतं. म्हणजे पहाटे साडेतीनला रिस्टार्ट झालेला फोन सात वाजता तुम्ही पिन टाकेपर्यंत घड्याळासाठी जवळजवळ बंदच आहे, शेजारी असला तरी. रात्रीच्या कॉलचा, मेसेजचा इशारा मनगटावर हवा असेल, घरात कोणी आजारी आहे, मुलगा परदेशात आहे आणि अवेळी फोन करतो, तर हे चांगलंच महत्त्वाचं आहे, आणि मग ते आपोआप रिस्टार्ट बंद करून त्याऐवजी रविवारी दुपारी हाताने रिस्टार्ट करून लगेच पिन टाकावा हेच बरं.

पण मामींच्या बाबतीत पिन टाकल्यावरही जोडलं जात नव्हतं, ॲप उघडलं की मगच. इथे दुसरी गोष्ट लागते. फोन पूर्ण चालू होऊन कुलूप उघडलं की सिस्टीम सगळ्या ॲप्सना कळवते की फोन सुरू झालाय, आणि घड्याळाचं ॲप हे ऐकून मागे जागं होतं आणि घड्याळ शोधायला लागतं. भारतात जास्त खपणाऱ्या कित्येक फोनमध्ये यावर कंपनीने आपलं वेगळं फाटक बसवलंय, Autostart किंवा Auto launch नावाचं, आणि नव्या ॲपसाठी ते बऱ्याचदा बंद असतं. ते बंद असलं की फोन सुरू झाल्याचा निरोप ॲपपर्यंत पोचतच नाही. आणि तुम्ही कधी App info मध्ये जाऊन Force stop दाबलं असेल तर कुठल्याही अँड्रॉइडवर ते ॲप हाताने उघडेपर्यंत तसंच निपचित राहतं, रिस्टार्टने सुद्धा जागं होत नाही.

हे तपासायची पद्धत अशी की दुपारी निवांत असताना फोन रिस्टार्ट करा, पिन टाका, आणि मग घड्याळाचं ॲप अजिबात न उघडता फोन टेबलावर ठेवून द्या. तीन-चार मिनिटं जाऊ द्या. घड्याळ आपोआप जोडलं गेलं तर हा भाग ठीक आहे. नाही जोडलं आणि ॲप उघडताच काही सेकंदांत जोडलं, तर बहुधा Autostart बंद आहे किंवा बॅटरीचं बंधन आहे. मामींचं अगदी असंच झालं. Autostart चालू केलं, परत रिस्टार्ट, आणि या वेळी पिन टाकल्यावर थोड्या वेळात घड्याळ स्वतःहून जोडलं गेलं. हीच चाचणी फोनच्या प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर एकदा करून बघावी, कारण अपडेटमध्ये ही सेटिंग कधी कधी मूळ जागेवर जातात.

आता तिसरं, रात्री नऊ-दहाच्या सुमाराला तुटायचं ते. फोन जवळ, रिस्टार्ट नाही, अंतर नाही. शेजारी बसून बघितलं तेव्हा कळलं, मामी रोज झोपायच्या आधी खालून वर सरकवून सगळी उघडी ॲप्स फुलीच्या बटणाने एका झटक्यात साफ करायच्या. कोणीतरी सांगितलं होतं की त्याने बॅटरी वाचते. साध्या अँड्रॉइडवर असं सरकवल्याने मागे चालणारी सर्व्हिस शक्यतो मरत नाही, पण कित्येक कंपन्यांच्या फोनवर त्या फुलीचा अर्थ पूर्ण बंद करा असाच घेतला जातो आणि घड्याळाचं ॲपही जातं. उपाय म्हणजे त्याच यादीत घड्याळाच्या ॲपच्या चौकोनावर दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये कुलपाचं चिन्ह येतं, ते लावून टाका, मग फुली दाबली तरी ते राहतं. मामींची सवय मोडायला मी गेले नाही, कुलूप लावून दिलं, काम झालं.

आता परवानग्या, आणि यात तीन वेगवेगळ्या गोष्टी लोक एकत्र करतात म्हणून जरा सावकाश. पहिली म्हणजे जोडणीची परवानगी. अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथसाठी Nearby devices नावाची वेगळी परवानगी आली, ती नसेल तर ॲप घड्याळाशी बोलूच शकत नाही, अधूनमधून तुटणं वगैरे नाही, बंदच. अँड्रॉइड ६ ते ११ मध्ये ही वेगळी परवानगी नव्हती, जवळची उपकरणं शोधायला लोकेशनची परवानगी लागायची आणि वर फोनचं लोकेशनही चालू असावं लागायचं. म्हणून जुन्या फोनवर बॅटरी वाचवायला लोकेशन बंद केलं की आधीपासून जोडलेलं घड्याळ चालत राहायचं आणि एकदा तुटलं की कित्येकदा परत सापडायचंच नाही. तुमचा फोन जुना असेल आणि तुटल्यावर परत जोडायलाच त्रास होत असेल तर आधी हे बघा.

दुसरी म्हणजे मागे चालत राहायची मुभा. App info मध्ये Battery मध्ये गेलात की नव्या अँड्रॉइडवर साधारण तीन पर्याय दिसतात, Unrestricted, Optimized आणि Restricted. घड्याळाच्या ॲपला Unrestricted द्या. लोकांना भीती वाटते की बॅटरी धडाधड उतरेल, तसं फारसं होत नाही, उलट तुटत-जोडत राहणारं ॲप जास्त बॅटरी खातं कारण शोधत राहणं हे नुसतं जोडलेलं असण्यापेक्षा महाग पडतं. सॅमसंगवर Background usage limits मध्ये Never sleeping apps ची यादी असते, त्यात टाका, आणि Deep sleeping apps मध्ये चुकून गेलं असेल तर काढा. दुसऱ्या फोनवर हेच No restrictions किंवा Allow background activity अशा नावाने असतं. आणि त्याच App info च्या पानावर खाली Pause app activity if unused किंवा तत्सम नावाचं एक बटण असतं ते बंद ठेवा. घड्याळाचं ॲप आपण महिनोन्महिने उघडत नाही, सगळं मनगटावरच बघतो, आणि न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या काढून घेण्याची सोय अँड्रॉइड ११ पासून आहे. कित्येक महिने उत्तम चाललेलं घड्याळ अचानक कायमचं तुटलं आणि बघितलं तर परवानग्या कोऱ्या, असं झालं तर आधी या बटणाकडे बघा.

तिसरी म्हणजे नोटिफिकेशन वाचायची परवानगी. ही गेली तर कनेक्शन तुटत नाही, घड्याळावर पावलं, वेळ, हवामान सगळं येतं, फक्त मेसेज येत नाहीत, आणि लोक म्हणतात घड्याळ डिस्कनेक्ट झालंय. दोन्ही वेगळं आहे. पण तिचा एक उपयोग असा की ही परवानगी दिलेली असली की सिस्टीम स्वतःच ॲपच्या त्या भागाला धरून ठेवते, म्हणजे ॲप मागे मरायची शक्यता कमी होते. म्हणून मनगटावर मेसेज नको असले तरी ही परवानगी चालू ठेवून ॲपच्या आत मेसेज बंद करा, हा मार्ग मला बरा वाटतो.

आता कॉलिंगवाल्या घड्याळांबद्दल एक गोष्ट, कारण इथे नुसता गोंधळ आहे. या घड्याळांत फोनशी दोन वेगळे दुवे असतात. एक कमी ऊर्जेचा, ज्यावर पावलं, मेसेज, हवामान हे सगळं ॲपमार्फत जातं. दुसरा जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथचा, इअरफोनसारखा, ज्यावर कॉलचा आवाज जातो. फोनच्या ब्लूटूथ यादीत म्हणूनच कधी कधी एकाच घड्याळाची दोन नावं दिसतात. यातला कॉलचा दुवा फोनची सिस्टीम सांभाळते, ॲप मेलं तरी तो चालू राहतो. म्हणून असं दिसतं की ब्लूटूथच्या यादीत Connected लिहिलंय, कॉल घड्याळावर येतोय, आणि तरी ॲप म्हणतंय तुटलंय. दोघंही खरं बोलतायत. असं दिसलं तर अंतर आणि रेडिओ सोडून द्या, सरळ ॲपच्या परवानग्या आणि बॅटरीकडे जा. उलट कॉलचा दुवा तुटला आणि ॲप जोडलेलं असेल तर ब्लूटूथच्या यादीत त्या नावापुढच्या चक्रावर दाबून Phone calls चालू आहे का बघा.

यातूनच आणखी एक भानगड होते. नवीन घड्याळ आलं की लोक आधी फोनच्या ब्लूटूथ यादीतून ते पेअर करतात. तिथून फक्त कॉलचा दुवा जुळतो, ॲपला घड्याळ आपलं आहे हे माहीतच नसतं. पेअरिंग ॲपमधूनच सुरू करायचं, कॉलसाठी वेगळी विचारणा आली तर तिथेच होकार द्यायचा.

आयफोनवाल्यांसाठी दोनच गोष्टी. कंट्रोल सेंटरमधलं ब्लूटूथचं बटण दाबल्यावर ब्लूटूथ बंद होत नाही, फक्त जोडलेली उपकरणं दुसऱ्या दिवशी पहाटे पाचपर्यंत सोडली जातात, आयओएस ११ पासून असंच आहे. ॲपलचं स्वतःचं घड्याळ यातून वगळलेलं आहे, बाकी कंपन्यांची घड्याळं मात्र तुटतात. म्हणजे संध्याकाळी इअरफोन काढायला ते बटण दाबलं आणि रात्रभर घड्याळ तुटलेलं, सकाळी आपोआप ठीक, असा प्रकार दिसला तर कारण हेच. दुसरं, ॲप वर सरकवून बंद केलं की आयफोन त्याला तुमच्या मर्जीने बंद केलंय असं समजतो आणि मागे जागं करत नाही, म्हणून घड्याळाचं ॲप सरकवून टाकू नका, आणि फोन रिस्टार्ट केल्यावर ते एकदा हाताने उघडा.

एवढं सगळं करूनही प्रश्न राहिला, आणि लक्षण असं की दर काही सेकंदांनी जोडतंय-तुटतंय, फोन अगदी शेजारी, तर चावीचा घोळ असू शकतो. पेअर करताना फोन आणि घड्याळ दोघंही एक गुप्त चावी साठवतात. एकाकडची पुसली गेली, उदाहरणार्थ घड्याळ रिसेट केलं पण फोनच्या यादीत जुनं नाव तसंच राहिलं, तर फोन जुन्या चावीने जायला बघतो, घड्याळ ओळखत नाही, आणि फेऱ्या चालू. रिसेट इथे खरंच कामाचं आहे, पण दोन्हीकडून. आधी ॲप उघडून डेटा सिंक करून घ्या कारण घड्याळात अडकलेली पावलं-झोप पुसली जाऊ शकते, मग ॲपमधून घड्याळ काढा, मग फोनच्या ब्लूटूथ यादीतून सगळी त्याची नावं Forget करा, फोन रिस्टार्ट करा, आणि मगच ॲपमधून नव्याने जोडा. घरात जुना फोन पडलाय आणि त्यात अजून तेच ॲप आहे का तेही बघा. बहुतेक घड्याळं एका वेळी एकाच फोनशी जोडतात, आणि जुना फोन वायफायवर मुलांच्या हातात असला, ब्लूटूथ चालू असलं, तर तो आधी झडप घालतो आणि तुमचा फोन म्हणत राहतो की घड्याळ सापडत नाही. nRF Connect नावाचं फुकट ॲप आहे, त्यात स्कॅन केल्यावर आजूबाजूची उपकरणं आणि त्यांच्या सिग्नलची ताकद दिसते, उणे ५० च्या आसपास म्हणजे जवळ आणि दमदार, उणे ९० च्या आसपास म्हणजे आता तुटेल. एखाद्या फोनशी जोडलेलं घड्याळ सहसा या यादीत दिसत नाही. म्हणजे तुमचं ॲप तुटलंय म्हणतंय आणि घड्याळ यादीतही नाही, तर ते बहुधा दुसरीकडे जोडलेलं आहे.

एका वेळी एकच बदल करा आणि निदान एक दिवस-रात्र जाऊ द्या, नाहीतर काय लागू पडलं ते कळत नाही आणि पुढच्या अपडेटनंतर परत सगळी शोधाशोध. मामींच्या बाबतीत चार्जरची जागा, Autostart आणि फुलीवरचं कुलूप या तीन गोष्टी होत्या, तिन्ही वेगवेगळ्या वेळी दिसणाऱ्या, आणि यातली एकही घड्याळात नव्हती.

घड्याळाचाच दोष आहे का हे ठरवायला दुसऱ्या कंपनीचा एखादा फोन दिवसभरासाठी मागून घ्या. आपल्या फोनवरून घड्याळ वर सांगितल्याप्रमाणे पूर्ण काढा, त्या फोनवर सगळ्या परवानग्या देऊन जोडा, फोन घड्याळाच्या बाजूच्या खिशात ठेवा. तिथेही हातभर अंतरावर तुटत असेल तर घड्याळाचा अँटेना किंवा बोर्ड गेलाय, यात तुम्ही घरी काही करू शकत नाही, बिल घेऊन वॉरंटी संपायच्या आत सर्व्हिस सेंटरला जा आणि दुसऱ्या फोनवर पण तपासलंय हे तिथे आधीच सांगा, म्हणजे ते परत रिसेट मारून तुमच्या हातात ठेवणार नाहीत.